देणगीचं आभारपत्र: पावतीसोबतच की तीन महिन्यांनी वेगळं?

कळव्यात आमची छोटी अभ्यासिका आहे आणि तिची पत्रं गेली काही वर्षं मीच लिहितो. नवीन मंडळं हमखास विचारतात की पावती देतानाच आभाराचं छान पत्र जोडून मोकळं व्हावं की पैसे खर्च झाल्यावर वेगळं पाठवावं. मी दोन्ही करून बघितलंय, म्हणून जे अनुभवलं तेवढं सांगतो.

पावतीसोबतचं पत्र सोपं आहे हे खरंच. एकदाच लिहायचं, एकदाच पाठवायचं, कुणी राहून जात नाही. पाचशे-हजाराच्या देणग्या भरपूर येत असतील आणि लिहिणारा एकटाच असेल तर हेच बरं. वस्तू त्याच आठवड्यात घेऊन झाली असेल तरी चालतं.

पण माझं घोडं एका ठिकाणी अडलं. पावती देताना पैसे खर्चच झालेले नसतात, त्यामुळे पत्रात सगळं 'करू', 'घेऊ', 'बसवू' असं येतं, आणि नुसतं 'करू' लिहून पान भरत नाही म्हणून आपण काय बाकी आहे ते लिहायला लागतो. नौपाड्यातल्या एका निवृत्त आजोबांनी पंख्यांसाठी १०,००० दिले होते. मी मनापासून लिहिलं, 'पंखे लवकरच बसतील, खुर्च्यांची मात्र अजून अडचण आहे.' मागायचं डोक्यातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन, "मग आता खुर्च्यांचे किती पाठवू?" मी नको नको म्हणालो तरी त्यांनी आणखी २,००० पाठवले आणि त्यानंतर आमचे फोन घेणंच बंद केलं. पत्र परत काढून वाचलं तेव्हा दिसलं की लेटरहेडच्या तळाला खाते नंबर आणि स्कॅनरही छापलेला होता, म्हणजे वर आभार आणि खाली पैसे भरायची सोय. हे मला फार लागलं.

तेव्हापासून मी दोन भाग केले. पावती दोन-तीन दिवसांत, सोबत दोन ओळी, आणि 80G ची करसवलत घेणाऱ्यांना एवढंच की त्यासाठी लागणारं १०बीई प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर मेअखेरपर्यंत मिळेल, नाहीतर एप्रिलमध्ये देणारा माणूस वर्षभर वाट बघत बसतो. खरं पत्र काम झाल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, खाते नंबर नसलेल्या कोऱ्या कागदावर.

घोडबंदर रोडच्या एका ताईंनी फेब्रुवारीत २५,००० दिले, बसायच्या सोयीसाठी. मेमध्ये त्यांना जे लिहिलं त्यातला मधला भाग असा होता:

'१२ खुर्च्या ११,४०० रुपये, ३ पंखे ६,६००, वायरिंग आणि मजुरी २,८००, टेम्पो ७००. एकूण २१,५०० खर्च झाले, ३,५०० शिल्लक आहेत. ही रक्कम तुम्ही बसण्याच्या सोयीसाठी दिली होती, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय दुसरीकडे वापरलेली नाही. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेतली तर चालेल का? मागची रांग पत्र्याखाली येते, तिथली मुलं उन्हाळ्यात बारा वाजले की उठून जायची. आता नोंदवहीत त्याच मुलांच्या जाण्याच्या वेळा चार, साडेचार अशा दिसतात.'

शिल्लक लपवायची नाही हे मी आवर्जून सांगेन. ज्या कामासाठी पैसे दिले त्यातून उरलेले परस्पर वळवले तर पुढे कधी ना कधी प्रश्न येतोच. आणि इथे आपण पैसे मागत नाही, त्यांच्याच पैशाबद्दल परवानगी मागतोय, हा फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो. टेम्पोचे ७०० सुद्धा लिहिले, कारण नुसत्या खुर्च्या-पंख्यांची बेरीज केली तर १८,००० च होतात आणि बाकीचे कुठे गेले असं कुणालाही वाटेल. फोटो एकच लावला, मागच्या रांगेवरचा फिरता पंखा, मुलांचे चेहरे नाहीत.

वेगळ्या पत्राचा त्रास आहेच. तारीख विसरते, म्हणून पावती फाडतानाच मी वहीत तीन महिन्यांनंतरची तारीख टाकून ठेवतो. काम रखडलं तर पत्र लांबवू नका, का रखडलं आणि पैसे खात्यात आहेत एवढं लिहून पाठवा. मोठ्या संस्थांना प्रत्येकाला असं लिहिणं जमणार नाही, मान्य आहे, त्यांनी निदान ठरावीक कामासाठी देणाऱ्यांना तरी लिहावं असं मला वाटतं.

एक तपासणी दोन्ही पद्धतींत करा. पत्र पूर्ण झालं की त्यात 'अजून', 'बाकी', 'गरज', 'कमी पडतंय' हे शब्द शोधा, आणि जिथे सापडतील ते वाक्य काढून पत्र परत वाचा. माझ्या पहिल्या पत्रात अशी चार वाक्यं होती.

ताईंचं उत्तर दोन दिवसांत आलं, पुस्तकं घ्या, फक्त गणिताचं एक जास्त घ्या. पैशाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि आम्हीही नाही.