हँडलची फ्लश टाकी की दोन बटणांची? विहिरीच्या पाण्यावरचा हिशेब

गुहागरकडच्या आमच्या घरात दोन संडास आहेत. मागीलदारी हँडलची जुनी प्लास्टिक टाकी आहे, पाहुण्यांच्या खोलीला दोन बटणांची. गेल्या मे महिन्यात विहिरीने तळ गाठला, पंप दिवसाला जेमतेम अर्धा तास चाले, आणि तरी रोज चारेक बादल्या पाण्याचा हिशेब लागेना. शेवटी रात्री सगळे निजल्यावर ऐकू आलं: पाहुण्यांच्या संडासात दर वीसेक मिनिटांनी ‘सुस्स’ करून टाकी थोडीशी भरत होती. कोणी फ्लश केलेला नसताना.

या दोन टाक्यांतला खरा फरक बटणांचा नाही, पाणी कशाने अडवलं आहे याचा आहे. हँडलच्या टाकीत आत उलट्या ‘यू’सारखी वाकडी नळी असते. हँडल दाबलं की आतली चकती पाणी उचलून त्या वळणापलीकडे ढकलते. एकदा पलीकडे गेलं की पाणी स्वतःच मागचं पाणी ओढत जातं, आणि खालून हवा शिरली की थांबतं. वळणाची उंची पाण्याच्या पातळीच्या वर असल्यामुळे तळाशी पाणी धरून ठेवणारा वॉशर लागतच नाही. चकतीवरचा प्लास्टिकचा पडदा फाटला तर दहादा हँडल मारावं लागतं, पण चोरून पाणी जात नाही.

दोन बटणांच्या टाकीत मात्र तळाशी भोक, आणि त्यावर रबरी वॉशर बसलेला मधला खांब. वरच्या पाण्याच्या दाबानेच वॉशर घट्ट राहतो. कुठलंही बटण दाबा, उचलला जातो तो हाच वॉशर. फरक एवढाच की मोठ्या बटणाला खांब बराच वेळ तरंगत राहतो आणि साधारण 6 लिटर जातं, लहान बटणाला तो लवकर खाली बसतो आणि 3 लिटरवर काम भागतं. खांब आतून पोकळ असतो. पातळी जास्त वाढली तर त्याच पोकळीतून जादा पाणी गुपचूप कमोडमध्ये उतरतं.

म्हणून टाकी वाहत राहण्याची कारणं मुख्यतः दोन, आणि ती ओळखायला प्लंबर लागत नाही. टाकी भरू द्या, टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा, आत पेन्सिलीने पातळीची खूण करा, तासभर थांबा. पातळी खाली गेली तर तळाचा वॉशर गळतोय. खूण जागेवर राहिली, पण कॉक सुरू केल्यावर पाणी खांबाच्या तोंडातून आत पडत राहिलं, तर पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. आधी त्याचा फ्लोट खाली करून पाहा. नाही जमलं तर त्याच्या तोंडाची जाळी आणि आतला रबरी पडदा धुवा. त्या पडद्याला सुईएवढं छिद्र असतं. ते कचऱ्याने बुजलं की मागे दाब तयार होत नाही आणि व्हॉल्व्ह मिटत नाही.

आमच्याकडे पातळी तासात 5 सेंटिमीटर उतरली. टाकी आतून 40 बाय 15 सेंटिमीटर, म्हणजे तासाला 3 लिटर, दिवसाला 72. खांब थोडा फिरवून वर काढला, तर वॉशरखाली जांभ्याची तांबडी रेव. वॉशर आणि त्याची बैठक बोटाने पुसली, खांब बसवला, आवाज बंद झाला. वॉशर फुगला किंवा त्याला खाच पडली असेल तर मात्र जुना खिशात घालून दुकानात जा, कारण मापं कंपनीगणिक वेगळी. आणि टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या टाळा, रबर त्यांनीच लवकर जातं.

आता निवड. चार माणसांचं घर, दिवसाला 20 वेळा फ्लश, त्यात 16 लहान बटणाचे. जुन्या 10 लिटरच्या हँडलला 200 लिटर लागतात, दोन बटणांना 72. वाचले 128. पण गळती लागली की त्यातले 72 तिथेच गेले, निम्म्याहून जास्त! तरीही राहत्या घरात, जिथे कोणी आवाज ऐकतं आणि पावसाळ्यानंतर वॉशर पुसतं, तिथे मी दोन बटणांचीच घेईन. मुंबईकरांचं वर्षातून दोनदा उघडणारं घर असेल तर तीच घ्या, पण निघताना अँगल कॉक बंद करायला विसरू नका.

एक अडचण मात्र आहे. भारतीय बैठकीचं भांडं किंवा जुना कमोड 10 लिटरच्या जोरासाठी घडवलेला असतो. त्यावर 6 लिटरची टाकी लावली की लोक दोनदा फ्लश करतात आणि बचत संपते. म्हणून मागीलदारचं भारतीय भांडं बदलेपर्यंत त्यावर हँडलचीच टाकी राहणार. तिला पूर्ण भरल्याशिवाय हँडल मारलं तर ती नुसती खाकरते, हे पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं.