मशीन लर्निंगच्या स्लाइड्स, कच्चं कॅल्क्युलस आणि भाच्यासोबतचे सहा महिने

भाचा इंजिनिअरिंगच्या पाचव्या सेमला आहे, खानापूरहून रोज बेळगावला जातो. डिप्लोमा करून डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला गेला, त्यामुळं कॅल्क्युलस कच्चंच राहिलंय. त्याच्या कॉलेजनं मशीन लर्निंगच्या स्लाइड्सची पीडीएफ दिली होती, ती घेऊन मी जूनपासून दर रविवारी त्याच्यासोबत बसतोय.

पहिली तक्रार ग्रेडियंट डिसेंटच्या, म्हणजे उतार बघत बघत चूक कमी करत जायच्या पद्धतीच्या स्लाइडची. वाडग्यासारखं रंगीत चित्र आणि खाली लगेच ∂ चं चिन्ह. भाचा म्हणाला, "मामा, हे उलटं सहा बघितलं की माझं डोकंच बंद पडतं." मग आम्ही ती स्लाइड झाकली आणि वहीत एकच सूत्र लिहिलं, `L = (w-3)^2`. L म्हणजे चूक किती, w म्हणजे आपण फिरवायचं बटण. w शून्य ठेवलं तर चूक ९. आता बटण जरासं ढकल, ०.०१ कर, चूक किती? त्यानं कॅल्क्युलेटरवर काढली, ८.९४०१. म्हणजे ०.०५९९ नं उतरली, त्याला ०.०१ नं भाग, आलं −५.९९. हाच उतार की, डेरिव्हेटिव्ह काढलं असतं तर −६ आलं असतं. डेरिव्हेटिव्ह म्हणजे "जरासं ढकललं तर चूक किती हलते" एवढंच, हे त्याला त्या दिवशी पटलं.

पुढं नियम, `w = w - 0.1 * slope`. इथं तो अडकला. उतार मायनस, सूत्रातही मायनस, त्यानं सरळ ०.६ वजा केले आणि w −०.६ वर नेलं. मी काही बोललो नाही, फक्त चूक परत काढायला लावली. आली १२.९६. चूक वाढली हे बघून त्यानंच खोडलं, मायनस मायनस प्लस, w झालं ०.६ आणि चूक ५.७६. पुढच्या पायरीला w १.०८, चूक ३.६९ च्या आसपास. हळूहळू ३ कडं. मग ०.१ च्या जागी १ घातलं तर w शून्यावरून ६, परत शून्य, परत ६, नुसतं इकडून तिकडं. १.१ घातलं तर ६.६, मग −१.३२, दर पायरीला लांबच जातंय. हा आकडा म्हणजेच लर्निंग रेट, तो मोठा असला की काय होतं हे स्लाइडवर एका ओळीत उरकलंय, त्याला मात्र हे अंगात भिनायला वहीचं अख्खं पान लागलं.

ओव्हरफिटिंगची, म्हणजे डेटा समजून घ्यायच्या ऐवजी पाठच केला जातो त्याची स्लाइड त्या मानानं चांगली आहे, वळणावळणाची रेघ लगेच कळते. पण ती सगळ्या ठिपक्यांतून जाते तर वाईट कशी, हा त्याचा प्रश्न, आणि प्रश्न रास्त होता. आमच्या शेतातल्या भाताच्या एका रोपाची उंची तो लावणीनंतर दर आठवड्याला पट्टीनं मोजत होता, सहा आठवड्यांचे आकडे सेंटीमीटरमध्ये १८, २५, ३१, ४०, ४५, ५३. एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन टाकली, `Polynomial`, `Order` 5, रेघ सहाही ठिपक्यांतून बिनचूक गेली. मग `Forward` 1 केलं. सातव्या आठवड्याला ११० सेंटीमीटर! सरळ रेघेनं जवळपास ६० सांगितलं, ती कुठल्याच ठिपक्यापासून सव्वा सेंटीमीटरपेक्षा लांब नव्हती. पुढच्या रविवारी जाऊन मोजलं, ५९. "वाकड्या रेघेनं माझ्या पट्टीच्या चुका पण पाठ केल्या काय?" असं म्हणाला. होय, पट्टी जरा तिरपी धरली असेल, पान वाऱ्यानं हललं असेल, तेही तिनं खरं मानलं.

ऑगस्ट संपताना कळलं की तो दोन गोष्टी एकच समजतोय, लर्निंग रेट जास्त झाला की ओव्हरफिटिंग होतं म्हणून. स्लाइड्समध्ये हे दोन्ही ग्राफ लागोपाठ आहेत आणि दोन्हींत एक रेघ वर जाते, त्यामुळं ही गल्लत होणारच. ओळखायचं असं की लर्निंग रेट फार मोठा असला तर ज्या डेटावर शिकवलं त्याच्यावरचीच चूक वर जाते किंवा उड्या मारते. ओव्हरफिटिंगमध्ये शिकवलेल्या डेटावरची चूक मस्त उतरत असते आणि बाजूला ठेवलेल्या, न दाखवलेल्या डेटावरची वर चढायला लागते. ग्राफवर एकच रेघ काढली असेल तर ओव्हरफिटिंग दिसतच नाही, म्हणून आता तो कुठलाही ग्राफ आला की आधी रेघा किती आणि कुठली कशाची हेच बघतो.

रेग्युलरायझेशनच्या, म्हणजे ओव्हरफिटिंगला लगाम घालायच्या स्लाइडपाशी आम्ही अजून अडलोय, तिथं λ चं नुसतं सूत्र दिलंय, आकडे एकही नाहीत. तेवढ्यासाठी भाताचेच आकडे घेऊन मी नवीन पान तयार करतोय.