तीन ऑप-अॅम्पचा इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर: लोड सेलवर काही महिने वापरल्यानंतर

तासगावजवळच्या एका बेदाणा पॅकिंग युनिटमधल्या वजनकाट्यासाठी मी हा अॅम्प्लिफायर सुट्या भागांतून जुळवला. उन्हाळ्यात बसवला, पावसाळा गेला, दिवाळीही झाली आणि काटा रोज चालू आहे. एवढ्या वापरानंतर त्याबद्दल खात्रीने लिहिता येईल असं वाटतं, म्हणून हा अनुभव.

आधी काम काय होतं ते सांगतो. लोड सेल २० किलोचा, ३५० ओहमच्या ब्रिजचा, २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट. ब्रिजला १० व्होल्ट दिले की पूर्ण वजनाला २० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे एक मायक्रोव्होल्टला एक ग्रॅम. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागेल. अडचण अशी की हे २० मिलिव्होल्ट ग्राउंडपासून मोजलेले नसतात. ब्रिजच्या दोन्ही सिग्नल तारा ५ व्होल्टच्या आसपास असतात. पूर्ण वजनाला एक ५.०१० व्होल्टवर आणि दुसरी ४.९९० व्होल्टवर. आपल्याला हवा तो फक्त मधला फरक. दोन्हीकडे सारखे असलेले ५ व्होल्ट, आणि शेजारच्या मोटारीमुळे दोन्ही तारांत सारखाच शिरणारा ५० हर्ट्झचा गुणगुणाट, हे सगळं कॉमन-मोड. ते जायलाच हवं.

हे काम एका ऑप-अॅम्पच्या साध्या डिफरन्स अॅम्प्लिफायरवरही होतं, असं पुस्तकात वाचून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. २५० गेनसाठी १ किलोओहम आणि २५० किलोओहमच्या जोड्या लावायच्या. पण ब्रिजच्या प्रत्येक सिग्नल टोकाचा स्वतःचा रेझिस्टन्स १७५ ओहम असतो आणि तो थेट त्या १ किलोओहमच्या रांगेत येऊन बसतो. गेन २५० चा २१३ होतो आणि २० किलोचं वजन १७ किलो दिसतं. कॅलिब्रेशनने ते दुरुस्त होईल, पण मग लोड सेलची केबल बदलून प्रत्येक सिग्नल तारेत २ ओहम वाढले तरी २० किलोवर सुमारे ३४ ग्रॅमचा फरक पडतो. केबल बदलली की पुन्हा कॅलिब्रेशन करा, हे पॅकिंग युनिटमध्ये चालत नाही.

तीन ऑप-अॅम्पच्या रचनेत हा प्रश्न मुळातच येत नाही. ब्रिजच्या दोन्ही तारा पहिल्या दोन ऑप-अॅम्पच्या प्लस टोकांना थेट जातात आणि त्या टोकांना दुसरं काहीही जोडलेलं नसतं. गेन ठरवणारे सगळे रेझिस्टर मायनस टोकांच्या बाजूला असतात, त्यांना लागणारा करंट ऑप-अॅम्पचं आउटपुट पुरवतं, ब्रिज नाही. शिवाय फीडबॅकमुळे प्लस आणि मायनस टोकं सतत एकाच व्होल्टेजवर राहतात, त्यामुळे ऑप-अॅम्पच्या आत त्या दोन टोकांमध्ये असलेल्या रेझिस्टन्समधूनही जवळपास करंट वाहत नाही. उरतो फक्त बायस करंट. मी वापरलेल्या OP07 ऑप-अॅम्पमध्ये तो काही नॅनोअँपिअर असतो. २ नॅनोअँपिअर १७५ ओहममधून गेले तर ०.३५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून कमी. मधल्या काळात लोड सेलची केबल खरोखरच लांब करावी लागली. काट्याला हातही लावावा लागला नाही.

आता या सर्किटचा खरा गाभा. पहिल्या दोन ऑप-अॅम्पच्या मायनस टोकांमध्ये एकच रेझिस्टर आहे, RG, आणि त्याचं कुठलंच टोक ग्राउंडला जात नाही. प्रत्येकाच्या आउटपुटपासून त्याच्या मायनस टोकाकडे येणारा फीडबॅक रेझिस्टर तो R.

```
G = 1 + 2R/RG
R = 24.9k, RG = 200
G = 1 + 49800/200 = 250
```

पूर्ण वजनाला RG च्या एका टोकावर ५.०१० आणि दुसऱ्यावर ४.९९० व्होल्ट असतात. म्हणजे २०० ओहमवर २० मिलिव्होल्ट, करंट १०० मायक्रोअँपिअर. त्याला जायला दुसरी वाटच नाही, म्हणून तोच करंट दोन्ही R मधून वाहतो आणि प्रत्येकावर २.४९ व्होल्ट पडतात. वरच्या ऑप-अॅम्पचं आउटपुट ७.५० व्होल्टवर जातं, खालच्याचं २.५० वर येतं. फरक ५.०० व्होल्ट. मल्टिमीटर लावून हे तिन्ही आकडे एकदा स्वतः मोजा, सर्किट कायमचं समजतं.

आणि दोन्ही इनपुट एकदमच एक व्होल्टने वर गेले तर? RG ची दोन्ही टोकं सारखीच वर जातात, त्यावरचा फरक बदलत नाही, करंट बदलत नाही. दोन्ही आउटपुट फक्त एक व्होल्टने वर सरकतात. म्हणजे फरकाला २५० चा गेन मिळतो आणि कॉमन-मोडला १. दोन ऑप-अॅम्पना आपापला रेझिस्टर ग्राउंडला दिला असता तर ५ व्होल्टही शेकडो पट झाले असते आणि दोन्ही आउटपुट सप्लायला जाऊन चिकटले असते. मधल्या रेझिस्टरला ग्राउंड न देणं, एवढ्या एका गोष्टीत या रचनेची सगळी करामत आहे.

त्यातून आणखी एक फायदा मिळतो, तो मला फार आवडतो. दोन्ही R तंतोतंत सारखे असायची गरज नाही. मी मुद्दाम एक २४.९ काढून २७ किलोओहम लावून बघितला. गेन २५० वरून सुमारे २६० झाला, पण आउटपुटवरचा ५० हर्ट्झचा अवशेष स्कोपवर होता तेवढाच राहिला. पहिल्या टप्प्यातली चूक गेन बिघडवते, कॉमन-मोडची दडपणूक नाही.

ती बिघडते तिसऱ्या ऑप-अॅम्पभोवतीच्या चार रेझिस्टरमुळे. हा टप्पा नुसती वजाबाकी करतो, गेन १. चारही १० किलोओहम, पण १ टक्क्याचे असतील आणि सगळ्या चुका वाईट दिशेने जुळल्या तर कॉमन-मोडचा पन्नासावा भाग आउटपुटला येतो. ५ व्होल्टचे १०० मिलिव्होल्ट, आणि २५० गेननंतर आउटपुटला एक ग्रॅम २५० मायक्रोव्होल्टचा असल्याने ते ४०० ग्रॅम. हे स्थिर असेल तर टेअर करून, म्हणजे तो आकडा शून्य धरून, जातं. मोटारीचा १ व्होल्टचा गुणगुणाट मात्र ८० ग्रॅमची थरथर देतो आणि ती टेअरने जात नाही. ०.१ टक्क्याच्या रेझिस्टरने हीच सर्वांत वाईट स्थिती ८ ग्रॅमवर येते. माझ्याकडे सुरुवातीला १ टक्क्याचे होते आणि १ व्होल्टला ६ मिलिव्होल्ट, म्हणजे २४ ग्रॅम येत होते. चारांपैकी प्लस टोकाकडून ग्राउंडला जाणाऱ्या रेझिस्टरच्या जागी ९.७६ किलोओहम आणि रांगेत ५०० ओहमचा मल्टिटर्न ट्रिमपॉट लावला. मग दोन्ही इनपुट एकत्र जोडून, त्यांना सिग्नल जनरेटरमधून १ व्होल्ट ५० हर्ट्झ देऊन, आउटपुट कमीत कमी होईपर्यंत तो फिरवला. थरथर ग्रॅमभरावर आली.

पण तापमानाचं काय, हे काही आठवड्यांनी दिसायला लागलं. सकाळी शून्य असलेला काटा दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पंधरावीस ग्रॅम दाखवायचा. संशयित दोन होते. एक, OP07 चा ऑफसेट तापमानाबरोबर सरकणं. दुसरा, चार रेझिस्टरांचं प्रमाण सरकणं. रेझिस्टर १०० पीपीएमचे असले आणि एकच जरी बाकीच्यांपेक्षा तेवढ्याने वेगळा वागला, तर १० अंशांत ०.१ टक्का, त्याचा निम्मा परिणाम ५ व्होल्टवर म्हणजे २.५ मिलिव्होल्ट, बरोबर १० ग्रॅम. दोघांना वेगळं करायची चाचणी सोपी आहे. दोन्ही इनपुट एकत्र करून ग्राउंडला जोडा, हेअर ड्रायरने बोर्ड तापवा आणि आउटपुट किती सरकतं ते बघा. मग तेच इनपुट ५ व्होल्टला जोडून पुन्हा तेवढंच तापवा. ग्राउंडवर असताना कॉमन-मोडच नसतो, त्यामुळे सरकतो तो मुख्यतः ऑफसेट. ५ व्होल्टवर जे जास्तीचं सरकतं ते प्रामुख्याने रेझिस्टरांचं. माझ्याकडे मोठा वाटा रेझिस्टरांचाच निघाला. ०.१ टक्क्याचे, २५ पीपीएमचे चार लावल्यावर दुपारचं सरकणं पाचसहा ग्रॅमवर आलं, आणि काट्याची पायरी १० ग्रॅमची असल्याने तिथे थांबलो.

या चार रेझिस्टरांचा त्रास ज्यांना नको त्यांनी सरळ INA128 घ्यावा. आत हीच तीन ऑप-अॅम्पची रचना आहे, रेझिस्टर लेझरने ट्रिम केलेले, बाहेरून फक्त RG लावायचा. मोठ्या गेनला १२० डेसिबल मिळतात, म्हणजे १ व्होल्टच्या गुणगुणाटाचा इनपुटवर १ मायक्रोव्होल्ट, एक ग्रॅम. दुसऱ्या काट्यात मी तोच वापरलाय. पण त्याच्या पाच नंबरच्या Ref पिनकडे लक्ष ठेवा. दुरुस्तीला आलेल्या एका बोर्डावर ही पिन दोन १० किलोओहमच्या डिव्हायडरवरून थेट घेतलेली होती. डिव्हायडरचा ५ किलोओहम आतल्या ४० किलोओहमच्या रांगेत गेला आणि ट्रिम केलेलं प्रमाण मोडलं. वजाबाकीच्या टप्प्यातून कॉमन-मोडचा सतरावा भाग पार व्हायला लागला. मधे एक ऑप-अॅम्प बफर टाकला आणि थरथर गेली.

इनपुट रेझिस्टन्स प्रचंड असण्याची एक किंमतही आहे. याच बोर्डाला थर्मोकपल जोडलं तर पहिल्या दोन ऑप-अॅम्पची आउटपुटं काही सेकंदांत हळूहळू सप्लायकडे सरकतात आणि तिथे चिकटतात. तारेला बोट लावलं की परत येतात, ही त्याची खूण. बायस करंटला परतीची वाट नसते म्हणून असं होतं. ब्रिज स्वतः ती वाट देतो, तरंगतं थर्मोकपल देत नाही. त्याची एक तार १० किलोओहममधून ग्राउंडला जोडली की पुरे.

सप्लायबद्दल. मी ±१२ व्होल्ट देतो. ±९ वर चालवून बघितलं तेव्हा १६ किलोपर्यंत सगळं बरोबर आणि पुढे आउटपुट ४.० व्होल्टवर गोठलेलं. बाहेरून बघणाऱ्याला ९ व्होल्टच्या सप्लायवर ४ व्होल्टला काही अडलंय असं वाटणारच नाही, कारण तिसरा ऑप-अॅम्प खरोखर निवांत असतो. अडलेला असतो पहिला. १६ किलोला त्याला ७ व्होल्ट द्यावे लागतात आणि OP07 सप्लायच्या सुमारे दोन व्होल्ट अलीकडेच थांबतो. म्हणून वजन वाढवूनही आकडा हलत नसेल तर शेवटचं आउटपुट मोजत बसू नका, पहिल्या दोघांच्या आउटपुट पिनांवर मीटर लावा.