कमोडचा फ्लश मंद झालाय: ॲसिड मारावं की लिंबूसत्व लावावं?

आमचं घर कळंब्याकडं आहे आणि संडासाच्या टाकीला बोअरचं पाणी येतं. त्या पाण्यानं बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो, तसाच तो कमोडच्या कडेखालच्या छिद्रांतही धरतो. फ्लशचं पाणी याच छिद्रांतून येत असल्यामुळं ती बारीक झाली की टाकी भरलेली असूनही पाणी रेंगाळत उतरतं.

उपाय निवडण्याआधी दोष कुठं आहे ते बघायला हवं. बादलीभर, आठ-दहा लिटर पाणी थेट भांड्यात एका दमात ओता. ते झटक्यात निघून गेलं तर खालचा बाक मोकळा आहे आणि दोष कडेच्या छिद्रांत किंवा टाकीत आहे. पाणी वर चढून मग हळूहळू उतरलं तर बाकात काहीतरी अर्धवट अडकलंय. छिद्रं बघायची तर कडेखाली छोटा आरसा धरायचा. आमच्याकडं पुढची छिद्रं बरी होती, मागची चुन्यानं जवळपास बुजली होती.

प्लंबर म्हणाला, “ॲसिड मारतो साहेब, दहा मिनिटांत मोकळं करून देतो बघा.” मी हो म्हटलं. ॲसिड जोरकस असतं, चुना फसफसून विरघळतो, हे मान्यच आहे. पण छिद्रांची तोंडं खाली असतात. कडेवरून ओतलेलं ॲसिड भांड्याच्या उतारानं सरळ तळाच्या पाण्यात गेलं. भांडं चकाचक झालं आणि छिद्रं होती तशीच राहिली. म्हणून त्यानं पुन्हा ओतलं, मग तिसऱ्यांदा.

मला खरा त्रास झाला तो धुराचा. आमच्या संडासाला वीतभर झडपेची खिडकी आहे. आईला दोन दिवस खोकला होता, आणि शेजारी टांगलेल्या जेट स्प्रेची चकाकी आठवड्यात जाऊन त्यावर काळपट डाग उठले. ॲसिडचा एक थेंबही त्यावर पडला नव्हता, नुसती वाफ लागली होती. तेव्हापासून ते घरात आणायचं नाही असं मी ठरवलं.

लिंबूसत्वाला वेळ लागतो. लिटरभर कोमट पाण्यात साधारण शंभर ग्रॅम विरघळवलं. उकळतं पाणी नको, भांड्याला तडा जाऊ शकतो. टाकीचा कॉक बंद करून फ्लश केला, म्हणजे टाकी रिकामी झाली. थोडं द्रावण टाकीतल्या ओव्हरफ्लोच्या नळीत हळूहळू ओतलं, ते कडेच्या पोकळीतून आतल्या बाजूनं छिद्रांपर्यंत पोचतं. उरलेल्यात टिश्यू पेपरच्या वळकट्या भिजवून, हातमोजे घालून कडेखाली दाबून बसवल्या आणि रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी वायरीतली तांब्याची तार सोलून एकेका छिद्रात फिरवली तर ओल्या खडूसारखा चुरा पडला. एका रात्रीत सगळी मोकळी झाली नाहीत, दुसऱ्या रात्री झाली. टाकी भिंतीत बसवलेली असेल तर नळीपर्यंत हात पोचणं अवघड असतं, तिथं वळकट्यांवरच भागवावं लागेल.

एवढं करूनही फ्लशनंतर पाणी बोटभर वर चढतच होतं. बादलीची परीक्षा मी छिद्रं साफ केल्यावर केली, आधी करायला हवी होती. बाकात दुसरा दोष होता, आणि तिथं ॲसिड काय नि लिंबूसत्व काय, दोन्हींचा उपयोग नाही. रबरी पंपानं दोन-चारदा दाबल्यावर पाणी थोडा वेळ बरं जायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. पंप अडकलेली वस्तू नुसती हलवतो, आणि कधी आणखी पुढं ढकलतो. शेवटी कमोडसाठीची वळणाची स्प्रिंग मागवून मुठीनं फिरवत आत घातली. अडखळली तिथं दोन वेढे देऊन ओढली तर दुमडलेली शाम्पूची पुडी निघाली. पुडीच्या बाजूनं पाणी जात होतं, पण कागद तिला अडकत होता, म्हणून अडथळा कमी-जास्त व्हायचा.

ज्यांच्या कडेला वर्षानुवर्षांचा दगडासारखा थर आहे आणि संडासाला मोठी खिडकी आहे, त्यांना ॲसिड कदाचित सोयीचं पडेल. पण त्यात किंवा लिंबूसत्वातही ब्लीचिंग पावडर मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. घरात म्हातारं माणूस किंवा लहान पोर असेल तर दोन रात्री थांबणं मला तरी परवडलं. आता दोन महिन्यांतून एकदा, झोपायच्या आधी, वळकट्या लावतो.