आयताकृती पिअर, केंद्रापासून सरकलेला भार: चार कोपऱ्यांचे स्ट्रेस काढायचे की कर्न पाहायचा?

पिअरवर उभा भार मध्यबिंदूपासून सरकून बसला की तपासणीचे दोन मार्ग समोर येतात. पहिला, P/A म्हणजे सरासरी स्ट्रेसमध्ये दोन्ही दिशांच्या वाकण्याचे M/Z मिळवून-वजा करून चारही कोपऱ्यांचे स्ट्रेस काढायचे. दुसरा, भाराचा बिंदू कर्नच्या, म्हणजे जिथे भार बसला तर छेदात कुठेही ताण येत नाही अशा मधल्या भागाच्या, आत पडतो का ते पाहायचे. मूळ सिद्धांत एकच असल्यामुळे कोणताही घ्या, असे बरेच जण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. मी स्वतः बरीच वर्षे पहिल्या मार्गाने गेलो. आता आधी कर्न काढतो आणि गरज पडली तरच कोपऱ्यांकडे वळतो. हा बदल का झाला ते एका उदाहरणावरून सांगतो.

पिअर 1200 × 900 मिमी, दगडी किंवा विटांचा, म्हणजे ताण घेऊ न शकणारा. भार 540 किलोन्यूटन, तेव्हा सरासरी स्ट्रेस 0.5 N/mm². भार लांबीच्या दिशेने 120 मिमी आणि रुंदीच्या दिशेने 90 मिमी सरकलेला आहे. 'मिडल थर्ड'चा नियम पाठ असलेला माणूस लगेच म्हणेल की b/6 म्हणजे 200, त्यापेक्षा 120 कमी, d/6 म्हणजे 150, त्यापेक्षा 90 कमी, दोन्हीकडे पास. मीही एकदा असेच लिहून कागद पुढे पाठवला होता.

पण कर्न हा मधल्या तिसऱ्या भागांचा आयत नाही. तो त्या आयताच्या चार बाजूंचे मध्यबिंदू जोडून होणारा समभुज चौकोन आहे, आणि त्याचे क्षेत्रफळ आयताच्या बरोबर निम्मे असते. म्हणजे दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासून ज्या जागेला आपण सुरक्षित म्हणतो, तिच्यातल्या अर्ध्या भागात भार बसला तर एका कोपऱ्यात ताण येतोच. खरी अट बेरजेची आहे:

```
k = 6·ex/b + 6·ey/d ≤ 1
```

आपल्या पिअरसाठी k = 0.6 + 0.6 = 1.2. बिंदू बाहेर आहे.

न्यायाने सांगायचे तर कोपऱ्यांची पद्धतही हे पकडते. तिच्यातून 1.1, 0.5, 0.5 आणि उणे 0.1 असे चार आकडे मिळतात आणि तो उणे आकडाच इशारा असतो. मला त्रास झाला तो त्याच्या पुढे काय होते याचा. आमच्या एका कामाच्या तक्त्यात कोणीतरी उणे आकडे नकोत म्हणून `MAX(0, …)` टाकून ठेवले होते. हेतू चांगला होता: विटा ताण घेत नाहीत, तर तिथे शून्य लिहू. पण उणे कोपऱ्याचे शून्य केले आणि उरलेले तीन आकडे तसेच ठेवले, तर ते तिन्ही चुकीचे ठरतात. ताण घेणारा भाग गळाला की त्याचे काम दाबाच्या बाजूने उचलावे लागते, आणि तिथला सर्वाधिक स्ट्रेस वाढतो.

किती वाढतो, हे एकाच दिशेने सरकलेल्या भारावर स्पष्ट दिसते. त्याच पिअरवर भार फक्त लांबीच्या दिशेने 400 मिमी सरकला असे धरा. सूत्र एका कडेला 1.5 आणि दुसऱ्या कडेला उणे 0.5 देते. उणे भाग पुसून टाकला तर 900 मिमी लांबीचा दाबाचा त्रिकोण उरतो. त्याची बेरीज करून पाहा: ½ × 1.5 × 900 × 900 म्हणजे 607.5 किलोन्यूटन. पिअरवर भार तर 540च आहे, वरचे 67.5 कोणीच ठेवलेले नाहीत. शिवाय त्या त्रिकोणाचे केंद्र कडेपासून 300 मिमीवर येते आणि भार 200 मिमीवर उभा आहे. म्हणजे समतोलच जुळत नाही. तक्त्यात अशी लपवाछपवी झाली आहे का, हे ओळखायची माझी खूण हीच: स्ट्रेसची बेरीज भाराइतकी येते का, आणि तिचे केंद्र भाराच्या खाली येते का.

खरा त्रिकोण भाराखाली बसला पाहिजे, म्हणून टेकलेली लांबी 3 × 200 = 600 मिमी आणि कडेचा स्ट्रेस 2 × 540000 / (600 × 900) = 2.0 N/mm². सूत्राचा 1.5 इथे एक चतुर्थांशाने कमी पडला. भार 300 मिमीवर असता तर फरक बराच कमी आला असता, 1.25 ऐवजी 1.33. कडेकडे जाताना मात्र तो झपाट्याने वाढतो. दोन्ही दिशांनी कर्नच्या बाहेर गेलात तर इतके सोपे सूत्रही हाती नसते. शून्य रेषा अंदाजाने धरून पुन्हा पुन्हा गणित करावे लागते.

कर्नच्या बाजूने आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आत असेपर्यंत तोच k सर्वाधिक आणि सर्वात कमी स्ट्रेसही सांगतो: सरासरी × (1 + k) आणि सरासरी × (1 − k). कर्नच्या कडेवर कुठेही उभे राहा, एक कोपरा शून्यावर आणि समोरचा सरासरीच्या दुप्पट. वेगळे कोपरे काढायची गरज उरत नाही. आणि समभुज चौकोन भारावर अवलंबून नसल्यामुळे तो एकदाच काढून सगळ्या भार-जोड्यांचे बिंदू त्यावर मांडता येतात. मग एक गोष्ट डोळ्यांना दिसते, जी आकड्यांच्या रांगेत मला कधी दिसली नव्हती: आडवे बल असेल तर सर्वात दूरचा बिंदू बहुधा सर्वात कमी उभ्या भाराचा असतो, कारण e = M/P आणि P लहान.

अर्थात काही ठिकाणी कोपऱ्यांचीच पद्धत बरी. T किंवा L आकाराच्या छेदाचा कर्न काढत बसण्यापेक्षा थेट स्ट्रेस काढणे सोपे. पायाखालच्या मातीवरचा दाब प्रत्येक कोपऱ्यात हवा असेल तरीही तेच. आणि पिअर सडपातळ असेल तर त्याच्या वाकण्याने e वाढते. ती वाढ आधी धरली नाही तर दोन्ही पद्धती सारख्याच फसवतात.

मूळ उदाहरणातला 1.2 दुरुस्त करायचा होता. पिअर मध्यबिंदू तोच ठेवून लांब करायचा म्हटले, तर k एकवर येण्यासाठी लांबी 1800 मिमी लागते. कर्नच्या चित्रात मात्र बिंदू कडेपासून किती बाहेर आहे ते समोर असते: बेअरिंग लांबीच्या दिशेने 40 मिमी आत घेतले की 80/200 + 90/150 बरोबर 1. बेअरिंग हलवता येत नसेल, तर फक्त भाराच्या बाजूने 75 मिमी वाढवा. मध्यबिंदूच भाराकडे सरकतो, ex 82.5 होते आणि k 0.99 वर येतो. चार कोपऱ्यांचे आकडे समोर असताना मी 1800च्या दिशेने निघालो होतो.