उभी पट्टी की आडवी? y² = 4x आणि y = 2x − 4 यांच्यामधलं क्षेत्रफळ

बारावीची मुलं फोनवर गणितांचे फोटो पाठवतात, त्यात या तऱ्हेचं एखादं असतंच: y² = 4x हा पॅराबोला आणि y = 2x − 4 ही रेषा यांनी बंदिस्त केलेल्या भागाचं क्षेत्रफळ काढा. खाली प्रश्न, ‘dx ने करू की dy ने?’ उत्तर दोन्ही वाटांनी 9 चौरस एककच येतं. फरक पडतो तो लिहिण्याच्या कष्टात आणि चूक कुठे दडून बसते त्यात. पण छेदनबिंदू हातात नसताना ही निवड करणं म्हणजे अंदाजपंचे कारभार, म्हणून सुरुवात तिथून.

छेदनबिंदूंचा आणखी एक उपयोग आहे: फोटो नीट वाचला की नाही ते कळतं. अंधूक फोटोत y च्या डोक्यावरचा बारीक 2 दिसत नाही, नाहीतर पानाच्या सुरकुतीमुळे वजाचं अधिक होतं. समजा रेषा y = 2x + 4 अशी वाचली. मग x = (y − 4)/2, ते पॅराबोलात घातलं की y² − 2y + 8 = 0, आणि b² − 4ac येतो 4 − 32 = −28. म्हणजे रेषा पॅराबोलाला कुठे भेटतच नाही आणि बंदिस्त भागही नाही. वर्ग निसटून y = 4x झालं, तर दोन सरळ रेषा एकाच बिंदूत छेदतात; तिथेही काही बंदिस्त होत नाही. दोन्ही वेळा फोटो मोठा करून बघायचा. मात्र ही चाचणी सगळ्या चुका पकडत नाही. रेषेतल्या 4 च्या जागी 1 वाचला तर y = 1 ± √3 असे दोन बिंदू व्यवस्थित मिळतात. पाठ्यपुस्तकी उदाहरणात असे आकडे आले की मी तरी एकदा मागे वळून बघते.

आता खरं समीकरण. रेषेवरून x = (y + 4)/2. ते y² = 4x मध्ये घातलं की y² = 2y + 8, म्हणजे y² − 2y − 8 = 0, म्हणून y = 4 किंवा y = −2. बिंदू (4, 4) आणि (1, −2).

बरीच मुलं उलट जातात: y च्या जागी 2x − 4 घालून (2x − 4)² = 4x, त्यावरून x² − 5x + 4 = 0 आणि x = 1, 4. इथपर्यंत बरोबर. मग y काढायला y = 2√x वापरतात आणि दुसरा बिंदू (1, 2) लिहून मोकळे होतात. (1, 2) पॅराबोलावर आहे खरा, पण रेषेवर नाही; रेषेवर x = 1 ला y = −2 असतो. म्हणून x मिळाला की y काढायचा तो रेषेच्या समीकरणातून. तिथे प्रत्येक x ला एकच y असतो.

आधी उभ्या पट्ट्या, म्हणजे dx. लिमिट 1 ते 4, वर 2√x, खाली 2x − 4, असं लिहायचा मोह होतो. त्याचं उत्तर 19/3 येतं, साधारण 6.33, आणि ते चूक आहे. आकृती काढली की कारण दिसतं. पॅराबोला x = 0 पासून सुरू होतो. x = 0 ते 1 मध्ये उभी पट्टी पॅराबोलाच्या खालच्या फांदीवर सुरू होते आणि वरच्या फांदीवर संपते; रेषेला ती शिवतच नाही. x = 1 नंतर खालचं टोक रेषेवर जातं. त्यामुळे दोन तुकडे करावे लागतात:

∫₀¹ [2√x − (−2√x)] dx + ∫₁⁴ [2√x − (2x − 4)] dx = 8/3 + 19/3 = 9

पहिल्या तुकड्याची लोअर लिमिट 0 ही छेदनबिंदूंतून मिळत नाही, ती पॅराबोलाच्या शिरोबिंदूतून येते. dx ची वाट धरणाऱ्याने हे लक्षात ठेवायचं, कारण इथे समीकरणं बरोबर सोडवूनही उत्तर चुकतं.

आता आडव्या पट्ट्या. y = −2 पासून 4 पर्यंत कुठेही पट्टी काढा, तिचं डावं टोक पॅराबोलावर आणि उजवं रेषेवर. मध्येच काही बदलत नाही:

∫₋₂⁴ [(y + 4)/2 − y²/4] dy = [y²/4 + 2y − y³/12]₋₂⁴ = 20/3 + 7/3 = 9

एकच इंटिग्रल, वर्गमूळ नाही, आणि दोन्ही लिमिट थेट छेदनबिंदूंचे y. एकच जागा जपायची: ‘वरचं वजा खालचं’ या सवयीऐवजी इथे ‘उजवं वजा डावं’ लागतं. उलट लिहिलं तर −9 येईल, पण ती चूक स्वतःच ओरडून सांगते. 19/3 मात्र गप्प बसतो. धन आहे, दिसायला सभ्य आहे, शंका यायला काही कारण नाही. माझ्या दृष्टीने dy निवडायचं खरं कारण हेच. वेळ वाचतो तो वरचा नफा.

म्हणून पॅराबोला दिसला की dy, असा नियम मात्र करू नका. y = x² आणि y = x + 2 घ्या. छेदनबिंदू (−1, 1) आणि (2, 4). इथे उभी पट्टी सगळीकडे पॅराबोलावर सुरू होऊन रेषेवर संपते, एका इंटिग्रलमध्ये 9/2 मिळतात. आडव्या पट्ट्या घेतल्या तर y = 1 ला तुकडा पाडावा लागतो: 4/3 + 19/6, शेवटी तेच 9/2. ठरवायचं ते एवढ्यावरून: छेदनबिंदू आकृतीत मांडा, पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मनात सरकवा, आणि तिची दोन्ही टोकं शेवटपर्यंत त्याच वक्रांवर राहतात का ते बघा. ज्या दिशेत राहतात ती दिशा घ्या. दोन्हीत राहत असतील तर ज्यात वर्गमूळ येत नाही ती.

एक पडताळा बहुपर्यायी प्रश्नात खूप कामाचा आहे. इंटिग्रलच्या आतली राशी जर अखंड वर्गराशी असेल आणि दोन्ही लिमिट तिचीच मुळं असतील, तर क्षेत्रफळ = (वर्गपदाच्या सहगुणकाचं केवलमूल्य) × (लिमिटमधला फरक)³ ÷ 6. आपल्या उदाहरणात सहगुणक 1/4, फरक 4 − (−2) = 6, म्हणून 216/24 = 9. दुसऱ्यात 1 × 27/6 = 9/2. दोन तुकडे केलेल्या मांडणीला किंवा √x असलेल्या राशीला हे सूत्र लावता येत नाही. लेखी पेपरात आकृती, छेदनबिंदू आणि पूर्ण इंटिग्रल लिहायचं. हे सूत्र कच्च्या कामात ठेवायचं.