कन्सोल ऑनलाइन घ्यावा की लॅमिंग्टन रोडवर? आणि ग्राफिक्स कार्ड?

नव्या कन्सोलचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा माल आला की तासाभरात गायब होतो आणि मग तोच ‘सीलपॅक’ दीडपट भावात विकायला निघतो. अशा वेळी मुंबईकरापुढे दोन रास्त मार्ग असतात: ऑनलाइन रिस्टॉकवर नजर ठेवणं किंवा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुकानात नाव नोंदवणं. माझं मत स्पष्ट आहे. कन्सोल ऑनलाइन घ्या, कार्ड दुकानातून.

याचं कारण एमआरपी. १२ जानेवारी २०२१ ला दुपारी १२ वाजता प्लेस्टेशन ५ चं भारतातलं बुकिंग उघडलं आणि बघता बघता संपलं, पण डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपयेच होती. दुकानदाराने छापील किमतीहून जास्त घेतले तर तो गुन्हा आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यामुळे कन्सोलसाठी थांबण्यात नुकसान फक्त वेळेचं. ‘नोटिफाय मी’च्या मेलवर मात्र विसंबू नका, तो बरेचदा माल संपल्यावर येतो. पिनकोड, पत्ता आणि पैसे भरायचं बँकेचं कार्ड आधीच सेव्ह करून ठेवा, आणि पैसे भरण्याआधी विक्रेत्याचं नाव वाचा. मोठ्या साइटवरही भलताच कोणी चढ्या भावाने विकत असतो.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत हीच एमआरपी कुचकामी ठरते. खोक्यावरच्या स्टिकरवर बहुधा बाजारभावापेक्षा खूप वरचा आकडा असतो, म्हणजे जादा पैसे घेऊनही दुकानदार कायद्यात बसतो. इथे मोजपट्टी म्हणजे कंपनीने जाहीर केलेली सुरुवातीची किंमत. आरटीएक्स ५०७० टीआयची २०२५ मध्ये ८०,००० होती. डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात एकावेळी मोजकीच कार्डं येतात आणि ती साइटवर चढण्याआधीच नोंदणीवाल्यांना जातात. म्हणून तीन-चार दुकानांत मॉडेलचं पूर्ण नाव सांगून कोटेशन घ्या.

खरी मेख कॉम्बोत असते. समजा, दुकानदार म्हणाला, “कार्ड ऐंशीलाच देतो, पण पॉवर सप्लाय सोबत घ्यावा लागेल,” आणि सप्लायचे ११,००० लावले. तोच बाहेर ८,००० ला मिळत असेल आणि तुम्हाला हवाच असेल, तर कार्ड ८३,००० ला पडलं. घ्यायला हरकत नाही. घरी चांगला सप्लाय असेल तर ते ९१,००० ला पडलं. मग दुसरं दुकान गाठा.

ओएलएक्स किंवा टेलिग्रामवरचा सीलपॅक माल मी दोन्ही बाबतींत टाळेन. बिल पहिल्या गिऱ्हाइकाच्या नावावर असतं आणि वॉरंटी सहसा त्याच तारखेपासून मोजली जाते. परदेशातून आणलेल्या कार्डाला तर इथलं सर्व्हिस सेंटर हातही लावत नाही, असं अनेकदा होतं. दुकानातून घेतानाही जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या व कार्डावरच्या नंबरशी तिथेच, काउंटरवर उभं राहून ताडून पाहा.